दोन जहाजांमधले पंचेचाळीस मीटर

युद्धनौका महिनोन्‌महिने समुद्रावर राहते, पण तिच्या टाक्या तेवढ्या मोठ्या नसतात. टाक्या रिकाम्या होण्याची वाट पाहणेही परवडत नाही. तळाशी असलेले इंधन जहाजाचे वजन खाली धरून ठेवते. ते संपत आले की जहाज हलके होऊन जास्त डोलते. म्हणून टाक्या बऱ्याच भरलेल्या असतानाच ताफ्यातल्या नौका आळीपाळीने तेलवाहू जहाजाकडे जातात. आपल्या नौदलात हे काम ‘दीपक’सारखी जहाजे करतात. ‘दीपक’ २०११ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाले. पंधरा हजार टनांहून अधिक द्रव माल त्यात मावतो आणि ताशी सुमारे १,५०० टन इंधन देण्याची त्याची क्षमता आहे. अर्थात घेणारी नौका तेवढ्या वेगाने ते घेऊ शकतेच असे नाही.

तेल देणे हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे ते दोन प्रचंड जहाजांनी चालत्या अवस्थेत, साधारण तीस ते साठ मीटर अंतर राखून, तासभर किंवा त्याहून जास्त वेळ शेजारी राहणे. थांबून हे काम का करत नाहीत? थांबलेल्या जहाजाला सुकाणू वळवू शकत नाही. पाणी पात्यावरून वाहिले तरच सुकाणूला जोर येतो. लाटा आणि वारा थांबलेल्या जहाजाला आडवे करतात, शिवाय पाणबुडीला ते आयतेच सापडते. म्हणून साधारण बारा ते चौदा नॉट वेग धरतात. तेलवाहू जहाज ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने सरळ जात राहते. अंतर सांभाळायची सगळी जबाबदारी घेणाऱ्याची. दोघांनीही एकमेकांकडे पाहून दुरुस्त्या केल्या तर त्या एकमेकांवर आदळतील, हे त्यामागचे साधे कारण.

आता पाण्याकडे पाहू. चालत्या जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी पाण्याचा दाब वाढतो, मधल्या अंगाशी कमी होतो. दोन जहाजे शेजारी आली की मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी आणखी वेगाने धावते, तिथला दाब पडतो आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सोळा नॉटऐवजी बारा नॉट ठेवले, तर ती जवळपास निम्मी होते. वेग फार कमी केला तर सुकाणू दुबळे होते, फार वाढवला तर ओढ वाढते. बारा-चौदाचा आकडा या पेचातून आलेला आहे.

जवळ येताना खरी फसगत होते. नौका मागून येते तेव्हा तिचे नाक तेलवाहूच्या मागच्या टोकाजवळच्या वाढीव दाबात शिरते आणि बाहेर ढकलले जाते. सुकाणूवरचा खलाशी ते आत वळवून दुरुस्त करतो. काही क्षणांत नाक पुढे, कमी दाबाच्या पट्ट्यात जाते. आता पाणीच त्याला आत खेचते आहे आणि मघाची दुरुस्तीही आतच नेते आहे. अनुभवी अधिकारी ती वेळेआधीच काढून घेतो.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. बारा नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२ मीटर. दिशा फक्त एक अंश आत चुकली, तर अंतर मिनिटाला साडेसहा मीटरने घटते. पंचेचाळीस मीटर सात मिनिटांत संपतात. तीन अंश चुकले तर सव्वादोन मिनिटांत. पाण्याची ओढ यात धरलेलीच नाही, आणि ती अंतर कमी होईल तशी वाढत जाते. म्हणून या वेळी ‘थोडे डावीकडे’ असे कोणी म्हणत नाही. किती अंशांवर जायचे ते सांगतात, आणि वेगही इंजिनाच्या एकेका फेऱ्याने कमी-जास्त करतात. दोन्ही जहाजांमध्ये एक अंतरदोर धरलेला असतो. त्यावर वीस-वीस फुटांवर रंगीत निशाणे आणि रात्री दिवे. अंधारात अंदाज हमखास चुकतो, तिथे हा दोर कामी येतो.

नौका शेजारी स्थिर झाली की बंदुकीने बारीक दोरी पलीकडे फेकतात. तिला बांधून जाड दोर, त्याला बांधून पोलादी तार ओढली जाते. तेलवाहूवरचे ताणयंत्र ती तार ताठ ठेवते. जहाजे जवळ-दूर झाली तरी ती ना तुटते, ना लोंबते. तारेवरून नळी सरकत येते आणि तिचे निमुळते टोक समोरच्या घंटेच्या आकाराच्या मुखात खटकन अडकते. आधी नमुना घेऊन इंधनात पाणी नाही ना, हे बघतात. हेलिकॉप्टरच्या इंधनाबाबत तर याची फारच काळजी घेतात. शेवटी हवेच्या दाबाने नळी रिकामी केल्याशिवाय ती सोडत नाहीत. भरलेली नळी जड असते आणि सुटताना तेल समुद्रात सांडते.

निघतानाही घाईने बाहेर वळता येत नाही. जहाजाचे नाक बाहेर गेले की मागचे टोक आत झुलते. म्हणून वेग किंचित वाढवून, अंश-दोन अंशांनी दूर होत पुढे निघतात.

यात बिघाड कुठे होतो, तर बहुधा सुकाणूत. १६ मे २०१२ रोजी कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकेची ‘एसेक्स’ ही नौका ‘युकॉन’ या तेलवाहू जहाजाकडे इंधन घ्यायला येत असताना दोघांची टक्कर झाली; सुकाणू बिघडल्याचे नौदलाने तेव्हा सांगितले. कोणी जखमी झाले नाही, तेलही सांडले नाही. जोडणी झाल्यानंतर असे झाले तर भोंग्याचे तुटक आवाज देऊन ‘तातडीने सोडा’ हा हुकूम दिला जातो, आणि नळी-तार सोडण्याचा ठरलेला क्रम झपाट्याने उरकतात. वाटेत आलेला दोर कापायला कुऱ्हाड हाताशी असते.

धान्य, भाजी, सुटे भाग आणि दारूगोळा अशाच तारेवरून पेट्यांत जातात, किंवा हेलिकॉप्टरला टांगून. हेलिकॉप्टरने माल द्यायचा तर इतके जवळ येण्याची गरजच नसते. पण शेकडो टन डिझेल हेलिकॉप्टरला उचलवत नाही, त्यामुळे त्या पंचेचाळीस मीटरना पर्याय नाही.