अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आरओपी: झोन आणि स्टेज कशी ठरवतात?

आईच्या पोटात बाळाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात. बाळ फार लवकर जन्मले तर ही वाढ वाटेतच अडखळते. यातून होणाऱ्या आजाराला ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ किंवा आरओपी म्हणतात. दृष्टिपटलाचा फोटो पाहताना डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. रक्तवाहिन्या कुठवर पोहोचल्या, हा झोन. त्या जिथे थांबल्या तिथे काय दिसते, ही स्टेज.

झोन मोजण्यासाठी मध्य धरतात तो दृष्टिचेतेची चकती, म्हणजे ऑप्टिक डिस्क. डिस्कच्या मध्यापासून पीतबिंदूच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यायचे, दुप्पट करायचे आणि त्या त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. आतला भाग झोन १. तिथून नाकाच्या बाजूच्या दृष्टिपटलाच्या कडेपर्यंतचे वलय झोन २. कानाच्या बाजूला उरलेली चंद्रकोर झोन ३.

स्टेज १ मध्ये वाहिन्यांच्या टोकाशी पातळ पांढरट रेघ दिसते. तिला उंची आली, बांधासारखी झाली की स्टेज २. बांधावरून नव्या वाहिन्या बाहेर फुटल्या की स्टेज ३. दृष्टिपटल काही भागात सुटले तर ४, पूर्ण सुटले तर ५.

समजा, उजव्या डोळ्याच्या फोटोत डिस्क ते पीतबिंदू १५० पिक्सेल आहे. म्हणजे त्रिज्या ३००. वरच्या बाजूला बांध ३४० पिक्सेलवर आहे, पण कानाच्या बाजूला तो २७० वर आला आहे. बांधाला उंची आहे, नव्या वाहिन्या नाहीत. डोळ्याचा झोन सर्वांत आतल्या जागेवरून ठरतो, म्हणून हा झोन १, स्टेज २. बांध सगळीकडे ३४० वर असता तर झोन २ झाला असता. तेवढ्याने निर्णय बदलतो. आता पुढची तपासणी आठवड्याच्या आत हवी. मधल्या वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या असतील, ज्याला ‘प्लस’ म्हणतात, तर साधारण ४८ ते ७२ तासांत उपचार करावे लागतात.

फसगत इथेच होते. इतक्या लहान बाळात पीतबिंदू पुसट असतो, त्यामुळे त्रिज्याच अंदाजाने घेतली जाते. ३०० च्या आसपासचा बांध असेल तर गंभीर बाजू धरलेली बरी. कॅमेरा डोळ्यावर जास्त दाबला गेला तर वाहिन्या फिक्या पडतात आणि प्लस लपतो; डिस्क फिकट दिसली तर फोटो पुन्हा घ्यावा. आणि नाकाच्या बाजूची कड फोटोत आलीच नसेल, तर झोन ३ असे लिहू नये. त्या बाजूच्या वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्याचे प्रत्यक्ष दिसेपर्यंत तो झोन २ च मानतात.