चेहऱ्याचा लकवा: कपाळावरची आठी काय सांगते?

तोंड एका बाजूला वाकडे झाले की घरात पहिला शब्द येतो तो ‘लकवा’. पण बिघाड मेंदूत आहे की चेहऱ्याच्या नसेत? याचे बरेचसे उत्तर कपाळावर मिळते. ते उत्तर कसे सापडले, त्याची ही गोष्ट.

इराणचे वैद्य अल-राझी यांनी हजारेक वर्षांपूर्वी ‘अल-हावी’ या ग्रंथात वाकड्या चेहऱ्याचे बारीक वर्णन केले आहे. कपाळावरच्या आठ्या नाहीशा होतात हे त्यांनी नोंदवले, आणि मेंदूतील बिघाडामुळे होणारा प्रकार वेगळा आहे हेही ओळखले. पण असे का होते ते सांगायला नसेचा रस्ता माहीत असायला हवा होता.

चेहऱ्याकडे दोन मुख्य नसा येतात: पाचवी आणि सातवी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणती काय काम करते हे स्पष्ट नव्हते. चेहऱ्यात विजेसारख्या कळा येणाऱ्या रुग्णांची सातवी नस शल्यचिकित्सक कधीकधी कापत. कळा तशाच राहायच्या आणि वर अर्धा चेहरा लुळा पडायचा.

1821 मध्ये चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला. गाढवांवर नसा कापून केलेले प्रयोग त्यात होते आणि एक रुग्णही होता. त्याच्या कानापुढे गळू होऊन सातव्या नसेला इजा झाली होती. हसताना त्याचे तोंड दुसऱ्या बाजूला ओढले जाई, शीळ घालताना ओठ विचित्र वाकत. तपकीर ओढून शिंकला की एका बाजूचा चेहरा आक्रसे, दुसरी बाजू मात्र स्थिर राही. बेल यांचे सगळेच बरोबर नव्हते. सातव्या नसेला ते चेहऱ्याची ‘श्वसनाची नस’ म्हणत आणि पाचवीबद्दलही त्यांचा घोटाळा होता. हर्बर्ट मेयो आणि फ्रान्सचे माजांदी यांच्या प्रयोगांनंतर चित्र साफ झाले: पाचवी नस संवेदना आणि चावण्याची, सातवी हावभावांची.

आता सातव्या नसेचा रस्ता पाहू. हालचालीची आज्ञा मेंदूच्या वरच्या थरातून निघते आणि मेंदूच्या खोडातील ‘पॉन्स’ या भागात सातव्या नसेच्या केंद्रकापर्यंत येते. इथपर्यंतचा तंतू म्हणजे अप्पर मोटर न्यूरॉन. केंद्रकातून पुढे निघतो तो लोअर मोटर न्यूरॉन, म्हणजेच प्रत्यक्ष नस. ती कानामागच्या हाडातील अरुंद नळीतून जाते, कानाच्या पाळीमागे खाली बाहेर पडते आणि गालाच्या लाळग्रंथीत शिरून फांद्या पसरते.

खरी मेख केंद्रकात आहे. कपाळाला हुकूम देणाऱ्या त्याच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. तोंडाच्या भागाला ती मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच मिळते. म्हणून मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झाला तर उजवीकडचे तोंड वाकडे होते, पण उजव्या भुवईला आठी घालता येते. डोळाही बहुधा मिटतो. नसेतच बिघाड असेल तर दोन्ही आज्ञा तिथेच अडतात आणि त्या बाजूचा अर्धा चेहरा कपाळासकट लुळा पडतो. डोळा मिटायला गेले की पापणी उघडी राहते आणि बुबुळ वर जाते. हेही बेल यांनीच टिपले होते.

नस रस्त्यात कुठे अडली, याचाही माग लागतो. बेल यांच्या त्या रुग्णाची इजा नस हाडातून बाहेर पडल्यावरची होती. तिथे फक्त हालचाल जाते. इजा हाडाच्या नळीत असेल तर जिभेच्या पुढच्या भागाची चव जाऊ शकते आणि त्या कानाला आवाज कर्कश वाटू शकतो, कारण त्या कामांचे तंतू नळीतच वेगळे होतात. त्याहून वर बिघाड असला तर अश्रूही कमी होतात.

गंमत अशी, की आज ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात ती उघड कारण न सापडणाऱ्या लकव्याला. बेल यांच्या या रुग्णाचे कारण तर समोर दिसत होते! बेल्स पाल्सीत नळीतच नसेला सूज येऊन ती दाबली जाते, असे मानतात. 72 तासांच्या आत स्टेरॉइड सुरू केले तर नस पूर्ण बरी होण्याची शक्यता वाढते. उघड्या राहणाऱ्या डोळ्याला थेंब आणि रात्री पट्टी लागते, नाहीतर बुबुळावर जखम होते.

मात्र कपाळाच्या खुणेला मर्यादा आहे. पॉन्समध्येच पक्षाघात झाला तर केंद्रक किंवा तिथून निघणारे तंतू सापडतात आणि कपाळही लुळे पडते. अशा वेळी बहुधा शेजारच्या भागांचीही लक्षणे दिसतात: एकाऐवजी दोन दिसणे, तोल जाणे, हातापायात कमजोरी. म्हणून तोंड अचानक वाकडे झाले तर आरशासमोर भुवया उचलून घरीच निदान करत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि लक्षण कोणत्या वेळी सुरू झाले ते डॉक्टरांना नक्की सांगा.