छापील करार, एकतर्फी अटी आणि दहिसरची पांचाली गृहनिर्माण संस्था : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दोन पक्षांनी समोरासमोर बसून, घासाघीस करून अटी ठरवाव्यात आणि मग सह्या कराव्यात, अशी करारासंबंधीची पारंपरिक कल्पना आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच कल्पनेवर उभा आहे. महानगरात सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचा अनुभव मात्र निराळा असतो. त्याच्यासमोर आधीच छापलेला करार ठेवला जातो. नाव, सदनिका क्रमांक आणि किंमत एवढ्याच जागा रिकाम्या असतात. अटी बदलून मागितल्या तर सदनिका दुसऱ्याला जाते. अशा करारावर सही केल्यानंतर त्यातील अन्यायकारक अट त्या ग्राहकावर कितपत बंधनकारक ठरते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात दहिसर येथील एका वादाच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी : १९६३ चा कायदा

घरटंचाईचा फायदा घेऊन मालकी हक्काच्या सदनिकांच्या व्यवहारात होणाऱ्या गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने १९६० मध्ये समिती नेमली. तिच्या अहवालानंतर महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ संमत झाला. सर्वसामान्यांत तो ‘मोफा’ या नावाने ओळखला जातो. प्रवर्तकाने आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करावा, तो नोंदवावा, खरेदीदारांची संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे हस्तांतरित करून द्यावी, ही बंधने त्याने घातली. आपल्या विषयाच्या दृष्टीने कलम १६ विशेष महत्त्वाचे आहे. करारात काहीही विरुद्ध लिहिलेले असले तरी अधिनियमाच्या तरतुदीच लागू होतील, असे ते कलम सांगते. म्हणजेच सही ही अंतिम गोष्ट नव्हे, हे तत्त्व विधिमंडळाने १९६३ मध्येच मान्य केले होते. त्याचा खरा कस मात्र पुढे दहिसरमध्ये लागला.

पांचाली संस्थेचा वाद :

दहिसर (पूर्व) येथील आनंदनगरमध्ये नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड या प्रवर्तकाने इमारती बांधल्या. त्यांपैकी एका इमारतीतील सदनिकाधारकांची पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. इमारतीच्या खांबांमधील तळाच्या मोकळ्या भागात, म्हणजे स्टिल्टमध्ये, वाहनांसाठी २५ जागा होत्या. या जागा आपल्याच मालकीच्या आहेत व त्या विकण्याचा हक्क आपल्याला आहे, असे प्रवर्तकाचे म्हणणे होते. संस्थेने त्यांच्या ताब्यात अडथळा आणू नये, यासाठी त्याने नगर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूमाचा दावा लावला.

प्रवर्तकाच्या हाती एक भक्कम वाटणारा पुरावा होता. प्रत्येक सदनिकाधारकाने, नकाशातील स्टिल्टमधील व उघड्यावरील वाहनतळाच्या जागा प्रवर्तकाच्याच आहेत व त्यांच्या विक्रीस आपली हरकत नाही, असे हमीपत्र दिले होते, असे त्याने दाव्यात मांडले. एकाच आशयाचे हमीपत्र इमारतीतील प्रत्येकाकडून घेतले जाते, तेव्हा त्यात कोणा एकाची स्वतंत्र इच्छा शोधणे कठीण असते. एकतर्फी अटीचे हे ठळक लक्षण होय.

एप्रिल २००७ मध्ये नगर दिवाणी न्यायालयाने दावा फेटाळला. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळताना ही हमीपत्रे सदनिकाधारकांवर वा संस्थेवर बंधनकारक नाहीत, असे म्हटले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक) हाच निष्कर्ष कायम केला.

न्यायालयाची विचारसरणी पाहण्यासारखी आहे. ‘मोफा’नुसार प्रवर्तक सदनिका विकू शकतो आणि सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा समावेश आहे. मग स्टिल्टमधील जागा गॅरेज ठरते काय? सदनिका घेणारा सामान्य माणूस तिला गॅरेज समजणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. ती गॅरेज नाही, म्हणून सदनिका नाही, आणि सदनिका नाही म्हणून विक्रीयोग्यही नाही. ती सामाईक क्षेत्राचा भाग आहे. प्रवर्तकाने कागदोपत्री तिला सामाईक म्हटले नसले तरी तिचे स्वरूप बदलत नाही. शिवाय सामाईक क्षेत्राचे मूल्य सदनिकाधारकांकडून प्रमाणशीर घेता येत असल्याने प्रवर्तकाचे नुकसानही होत नाही, असे न्यायालयाने नमूद केले.

यातून पहिला निकष मिळतो. अट एखाद्या अनिवार्य कायद्याच्या विरुद्ध असेल, तर ती अन्यायकारक आहे हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागत नाही. कायद्याने न दिलेला हक्क ग्राहकाच्या सहीने निर्माण होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथे ग्राहक न्यायालयात गेले नव्हते, प्रवर्तक गेला होता. अटीला आव्हान बचावातूनही देता येते.

कायदा मौन असेल तेव्हा :

प्रत्येक एकतर्फी अटीविरुद्ध असे स्पष्ट कलम सापडत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग उरतो. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजनाथ गांगुली (१९८६) या नोकरीविषयक प्रकरणात, सौदाशक्तीत मोठी विषमता असताना लादलेली अवाजवी अट करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार लोकनीतीविरुद्ध व म्हणून निरर्थक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी, दोन्ही पक्ष व्यापारी असून व्यवहार व्यापारी असेल तेथे हे तत्त्व लागू नाही, अशी मर्यादाही घातली.

सदनिकांच्या बाबतीत हा विचार पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन (२०१९) या गुरुग्रामच्या प्रकरणात स्पष्ट झाला. त्या करारात ग्राहकाच्या उशिरावर १८ टक्के व्याज होते, तर विकासकाला परताव्यावर केवळ ९ टक्के द्यावे लागणार होते. उदाहरणार्थ, २ लाख रुपयांसाठी वर्षाला ग्राहकाने ३६ हजार द्यायचे आणि विकासकाने १८ हजार. अशा एकतर्फी अटी करारात घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा असून त्या ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असा निर्णय झाला. येथे दुसरा निकष दिसतो : एकाच चुकीसाठी दोन पक्षांना दोन मापे लावली आहेत काय, हे अटी शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४६) ने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच व्याख्येत आणली. अवाजवी अनामत, भंगाच्या मानाने अतिरेकी दंड, सबळ कारणाविना एकतर्फी करार रद्द करण्याचा अधिकार इत्यादी अटी तिच्यात येतात. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते आणि तीही सामान्यतः कारण घडल्यापासून दोन वर्षांत. व्यापारी हेतूने खरेदी करणारा या संरक्षणास पात्र नसतो. तसेच केवळ किंमत जास्त वाटते म्हणून करार अनुचित ठरत नाही.

समारोप :

पांचाली निर्णयाची व्याप्तीही काळाने मर्यादित केली आहे. मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात मोडते. मात्र महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत आच्छादित वाहनतळाचा स्वतंत्र विचार आहे. त्यामुळे नव्या प्रकल्पातील स्टिल्टबाबत दहिसरच्या निकालाचा आधार जसाच्या तसा घेता येत नाही. कोणत्या कायद्याखाली करार झाला, हे आधी तपासावे लागते. त्याच अधिनियमाने उशिराच्या व्याजाचा दर दोन्ही पक्षांना समान केला, ही मात्र छोट्या ग्राहकाची मोठी प्राप्ती होय.

करारस्वातंत्र्याचे तत्त्व दहिसरच्या निकालाने नाकारले असे म्हणता येणार नाही. जेथे निवडीला वाव नव्हता तेथे सहीला संमतीचे पूर्ण मोल देता येत नाही, एवढेच या इतिहासातून सिद्ध होते. आनंदनगरच्या त्या २५ जागा ज्या कागदाच्या आधारे मागितल्या गेल्या, त्यावर सदनिकाधारकांच्याच सह्या होत्या. तरीही त्या जागा संस्थेकडेच राहिल्या.