खंडमापनाने उंचीचे अनुमान
ज्या व्यक्तीस सरळ उभे राहता येत नाही, तिच्या हातापायाच्या एखाद्या खंडाची लांबी मोजून तीवरून संपूर्ण उंचीचा अंदाज बांधण्याची पद्धती. सेरेब्रल पाल्सी (वाढीच्या आरंभकाळात मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारे स्नायूंचे कायम वैकल्य), सांधे आखडणे किंवा पाठीचा कणा वाकणे यांमुळे अशी वेळ येते. निजवून मोजल्यासही गुडघे व नितंबसंधी वाकलेले राहत असल्याने लांबी प्रत्यक्षाहून कमी भरते.

या पद्धतीचा उगम जिवंत माणसांच्या मापनात नाही. सापडलेल्या हाडांवरून मृताची उंची ठरविणे, हा तिचा मूळ हेतू. ए. रॉले यांनी १८८८ मध्ये फ्रान्समधील लीआँ येथे १०० शवांची (५० पुरुष, ५० स्त्रिया) उंची व लांब हाडे मोजली. या सामग्रीवरून कार्ल पीअर्सन यांनी १८९९ मध्ये समाश्रयण सूत्रे मांडली. हाडाची लांबी एका गुणकाने गुणून तीत एक स्थिरांक मिळवावयाचा, असे त्यांचे स्वरूप होते. एका लोकसमूहाची सूत्रे दुसऱ्यास सरसकट लावू नयेत, असेही त्यांनी बजावले होते.

भारतात हीच अडचण पुढे आली. एन. पान यांनी १९२४ मध्ये हिंदूंच्या लांब हाडांचे उंचीशी असलेले प्रमाण प्रसिद्ध केले. महाराष्ट्रापुरते पाहता, पी. एम. कोलते व पी. सी. बन्सल यांनी १९७४ मध्ये मराठवाड्यातील लोकांच्या हाताच्या लांब हाडांवरून उंची काढण्याची स्वतंत्र सूत्रे दिली. एकाच देशातही प्रदेशपरत्वे अवयवांचे प्रमाण बदलू शकते, हे अशा स्वतंत्र सूत्रांमागील गृहीत होय.

जिवंत व्यक्तींसाठी ही कल्पना वापरण्यात अमेरिकेतील विल्यम चम्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८५ मधील संशोधन महत्त्वाचे ठरले. त्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींची उंची गुडघा-उंचीवरून काढली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी रिचर्ड स्टीव्हन्सन यांनी १९९५ मध्ये सूत्रे दिली. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती अशी आहेत (सर्व मापे सेंमी. मध्ये) :

उंची = (२·६९ × गुडघा-उंची) + २४·२
उंची = (३·२६ × नडगीची लांबी) + ३०·८
उंची = (४·३५ × दंडाची लांबी) + २१·८

गुडघा-उंची घेताना गुडघा व घोटा दोन्ही काटकोनात ठेवतात. सरकत्या मापकाचे स्थिर पाते टाचेखाली व सरकते पाते गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर मांडीवर टेकवून मापकाचा दांडा नडगीला समांतर धरतात. दोन मापांत अर्ध्या सेंमी. पेक्षा जास्त फरक पडल्यास माप पुन्हा घेतात. घोटा खाली वाकून आखडला असेल, तर टाच व गुडघा यांतील अंतर फसवे ठरते. अशा वेळी नडगीची लांबी घ्यावी. नडगीच्या वरच्या आतील कडेपासून आतील घोट्याच्या खालच्या टोकापर्यंतचे हे माप एकाच हाडाच्या दोन टोकांमधले असल्याने सांध्याच्या कोनाने बदलत नाही. एक बाजू अधिक बाधित असल्यास तिकडचे हाड आखूड राहते. म्हणून कमी बाधित बाजू मोजतात.

उदाहरणार्थ, ९ वर्षांच्या एका मुलाचे वजन १६ किग्रॅ. व गुडघे आखडलेल्या स्थितीत निजवून घेतलेली लांबी १०६ सेंमी. आहे, असे समजू. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक १४·२ येतो. या वयाच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कृशतेची मर्यादा सु. १३·५ असल्याने मूल ठीक वाटते. परंतु गुडघा-उंची ३४ सेंमी. भरल्यास सूत्राने उंची ११५·७ सेंमी. येते. नडगीची लांबी २६·२ सेंमी. असल्यास ती ११६·२ सेंमी. येते. दोन्ही उत्तरे जुळत असल्याने माप विश्वसनीय मानता येते. आता निर्देशांक १२·० ठरतो, म्हणजे मूल अतिकृश आहे. आखूड मोजलेल्या उंचीमुळे उपासमार अशी झाकली जाते.

या सूत्रांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्टीव्हन्सन यांच्या सूत्रांची प्रमाण त्रुटी गुडघा-उंचीसाठी १·१ आणि दंडासाठी १·७ सेंमी. आहे. म्हणजे एकेका मुलाच्या बाबतीत फरक याच्या दुप्पट होऊ शकतो आणि इतरत्र घेतलेल्या पडताळ्यांत तो याहूनही मोठा आढळला आहे. शिवाय सूत्रे अमेरिकी मुलांवरून काढलेली आहेत. पाय धडाच्या मानाने निराळ्या प्रमाणात असलेल्या समूहात ती सर्वच मुलांची उंची एकाच दिशेने चुकवितात, आणि माप कितीही काळजीपूर्वक घेतले तरी ही चूक दिसून येत नाही. त्यामुळे अनुमानित उंची नोंदविताना कोणता खंड व कोणते सूत्र वापरले, हे तिच्याबरोबर लिहिणे आवश्यक असते. वाढ पाहण्यासाठी मात्र सूत्राची गरजच नसते. तीच नडगी त्याच पद्धतीने दर सहा महिन्यांनी मोजली असता तिच्या लांबीतील वाढ थेट कळते.