शापपत्रांची वंशावळ

९६ तासांत वीस प्रती न पाठविल्यास अनर्थ ओढवेल, असे बजावणारे निनावी पत्र एकटेच हाती आले, तर त्याचा उगम कळत नाही. चार्ल्स बेनेट यांनी १९८० ते १९९५ या काळातील अशी ३३ साखळीपत्रे जमविली. छायाप्रत पुसट झाली की कोणीतरी मजकूर पुन्हा टंकलिखित करी; त्यात शब्द बदलत, वाक्ये गळत. दोन पत्रांत तीच चूक आढळली, तर त्यांचा पूर्वज बहुधा एकच. अशा साम्यांवरून बेनेट, मिंग ली व बिन मा यांनी २००३ मध्ये या पत्रांची वंशावळ मांडली. साखळी तोडल्याने फिलिपिन्समध्ये पत्नी गमावणारा वेल्श कुठे ‘जनरल’ होता, कुठे नुसता ‘जीन’. शापाचा पुरावा असा बदलत गेला. नक्कल करण्याची आज्ञा मात्र टिकली.