आलेखावरून आकडे काढणे

छापील किंवा पडद्यावरच्या आलेखाच्या चित्रातून मूळ मूल्ये अंदाजाने वाचून त्यांचे कोष्टक तयार करण्याची आणि प्रत्येक वाचन किती चुकू शकते हे सोबत नोंदवण्याची पद्धत. मूळ आकडे हाती नसतात, चित्र तेवढे असते, अशा वेळी ती वापरतात. जुने अहवाल, वर्तमानपत्रांतील चित्रे आणि शोधनिबंधांतील आकृत्या हे तिचे नेहमीचे क्षेत्र आहे. ± नसलेला आकडा या पद्धतीत अपुरा समजावा, कारण तो मोजलेला आहे की चित्रावरून ताडलेला, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका भागाच्या हवेबद्दल लिहिणाऱ्याला ही गरज वारंवार पडते. मुनिरक्याला लागून असलेल्या आर. के. पुरम येथे दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीचे हवामापन केंद्र आहे. तिथले पीएम २.५चे, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे, आकडे दर हिवाळ्यात आलेखरूपाने अहवालांत आणि बातम्यांत येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय आकडे उतरवून घेता येतात. ते मिळत असतील तर चित्र वाचत बसण्याचे कारणच नाही. चित्रच उरलेले असेल, तेव्हा पुढील रीत लागू होते.

रीत समजण्यासाठी एक नमुना चित्र घेऊ. त्यातले आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. पीएम २.५ची एका आठवड्याची ताशी रेघ आहे, उभ्या अक्षावर ० ते ६०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि आडव्या अक्षावर सात दिवस. चित्रातील पिक्सेल वरून खाली मोजले जातात. शून्याची खूण ६४० व्या ओळीवर आणि ६०० ची खूण १६० व्या ओळीवर आहे. म्हणजे ४८० पिक्सेलमध्ये ६०० एकके, एका पिक्सेलला १.२५. एखाद्या तासाला रेघ ३६८ व्या ओळीवर असेल तर मूल्य असे निघते:

```
(640 − 368) × 1.25 = 340
```

`WebPlotDigitizer`सारखी साधने हेच गणित करतात. अक्षांवरील ज्ञात खुणा दाखवायच्या आणि मग रेघेवर टिचक्या मारत जायचे. मात्र साधन ३४०.१८७ असेही उत्तर देते. दशांश चिन्हापुढचे हे आकडे गणितातून येतात, त्यांना चित्राचा आधार नसतो.

चित्र किती आधार देते हे रेघेच्या जाडीवरून ठरवायला सुरुवात करावी. रेघ तीन पिक्सेल जाड असेल तर तिचा मध्य दीड पिक्सेल इकडेतिकडे असू शकतो. या पट्ट्यात कुठलीही जागा सारखीच संभाव्य धरली, तर मापनशास्त्राच्या रूढ नियमाप्रमाणे अर्ध्या रुंदीला √३ ने भागून प्रमाण अनिश्चितता मिळते, म्हणजे सुमारे ०.८७ पिक्सेल. अक्षाच्या दोन्ही खुणा दाखवताना प्रत्येकी एक पिक्सेल चूक होऊ शकते. ती धरून एकूण अनिश्चितता ०.९६ पिक्सेल, म्हणजे १.२ एकके होते. रूढीप्रमाणे तिची दुप्पट, म्हणजे २.४, वरच्या पूर्णांकात नोंदवली की वाचन ३४० ± ३ असे लिहिता येते.

रेघ चढत किंवा उतरत असेल तर हे पुरत नाही. सात दिवस ८४० पिक्सेलमध्ये मावले असतील तर एक तास पाच पिक्सेलचा होतो. रेघ आडवी एक पिक्सेल सरकताना उभी तीन पिक्सेल चढत असेल, तर टिचकी बाजूला एक पिक्सेल चुकली तरी मूल्यात पावणेचार एककांचा फरक पडतो. हा भाग जोडला की ±३ चे ±५ होते. म्हणून एका आलेखातल्या सगळ्या वाचनांना एकच ± लावू नये. सपाट भाग जास्त विश्वासार्ह असतो आणि संध्याकाळी झपाट्याने वर जाणारी रेघ कमी विश्वासार्ह असते.

| वेळ | ओळ | मूल्य | अनिश्चितता | शेरा |
|---|---|---|---|---|
| सकाळी ६ | ३६८ | ३४० | ±३ | रेघ जवळपास आडवी |
| संध्या. ५ | ४४० | २५० | ±५ | तीव्र चढ |
| रात्री ११ | १७६ | ५८० | +३ / −६ | टोकदार शिखर |
| पहाटे २ ते ४ | — | — | — | सरळ जोडरेघ. नोंद नसावी |

तिसऱ्या ओळीतली अनिश्चितता एका बाजूला झुकलेली आहे. जाड रेघेचे दोन तुकडे तीव्र कोनात जुळतात तेव्हा टोक खऱ्या बिंदूच्या पलीकडे वर निघते, त्यामुळे शिखर सहसा जास्त वाचले जाते. चौथी ओळ अधिक महत्त्वाची आहे. यंत्र बंद असल्याचे तास आलेख काढणारी साधने अनेकदा गाळून टाकतात आणि आधीचा व नंतरचा बिंदू सरळ रेघेने जोडतात. ताशी मूल्ये सतत डगमगत असताना मध्येच पट्टीने ओढल्यासारखा तुकडा दिसला, तर तिथे आकडा भरू नये. रेघ वर जाऊन काही तास एकाच उंचीवर सपाट राहिली, तर तिथे यंत्राची किंवा अक्षाची मर्यादा गाठली गेली असण्याची शक्यता असते. अशी जागा ‘किमान इतके’ म्हणून नोंदवावी.

सरासरी काढताना आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. दिवसाच्या चोवीस वाचनांतल्या टिचक्यांच्या चुका सुट्या असतात आणि सरासरीत बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. अक्षाची खूण चुकली असेल तर मात्र सगळी वाचने एकाच बाजूला सरकतात आणि ती चूक सरासरीतही टिकते. वरील चित्रात २५० च्या आसपासची, फारसे चढउतार नसलेली दैनिक सरासरी काढली तर तिची अनिश्चितता सुमारे ±१ येते. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ची २४ तासांची सरासरी १२१ ते २५० असली की हवा ‘अतिशय वाईट’ आणि २५० च्या वर गेली की ‘गंभीर’ ठरते. चित्रावरून सरासरी २४९.५ ± १ आली, तर तो दिवस कोणत्या वर्गात बसतो हे त्या चित्रावरून सांगता येत नाही, आणि कोष्टकातही तसेच लिहावे.

वाचन बरोबर चालले आहे की नाही, हे चित्रावरच पडताळता येते. ० आणि ६०० वर अक्ष जुळवल्यावर मधली ३०० ची जाळीरेघ जणू अज्ञात आहे अशी वाचावी. ३०० ऐवजी ३०८ आले तर चित्र तिरके आहे, कागदाचा फोटो कोनातून घेतलेला आहे, किंवा अक्ष समप्रमाण नाही. लघुगणकी अक्षावर हे हमखास घडते, आणि तिथे अनिश्चितता ठराविक एककांत न लिहिता टक्क्यांत लिहावी लागते. दुसरी पडताळणी म्हणजे काढलेले आकडे पुन्हा आलेखात मांडून मूळ चित्रावर ठेवणे. तिसरी म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने पहिल्याचे आकडे न पाहता अक्षही नव्याने जुळवून वाचणे. दोघांमधला फरक लिहिलेल्या ± पेक्षा वारंवार मोठा निघाला, तर ± लहान धरलेला आहे.

येथे काढलेली अनिश्चितता फक्त वाचनाची आहे. केंद्रावरच्या यंत्राने हवा किती अचूक मोजली, याबद्दल ती काहीच सांगत नाही. दोन्ही एकत्र मिसळू नयेत, कोष्टकाच्या शीर्षकात ‘केवळ चित्रवाचनाची अनिश्चितता’ असे स्पष्ट लिहावे. कोष्टकासोबत मूळ चित्र, अक्षाच्या खुणांच्या पिक्सेल ओळी आणि वाचनाची तारीखही जपून ठेवावी, म्हणजे मूळ आकडे पुढे उपलब्ध झाले की प्रत्येक ओळ त्यांच्याशी ताडून पाहता येते.