तळटीप : काशगरची दुपार

१. 'तीन वाजले होते आणि ऊन अगदी डोक्यावर होते' : हा मुद्रणदोष नव्हे. चीनमध्ये १९४९ नंतर देशभर एकच बीजिंग वेळ लागू झाली; त्याआधी कागदावर तरी पाच कालविभाग होते. ही वेळ १२०° पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, आणि काशगर आहे ७६° च्या आसपास. दर अंशाला सूर्य चार मिनिटे उशिरा येतो. म्हणजे ४४ अंशांना १७६ मिनिटे, जवळजवळ तीन तास. त्यामुळे तिथे माध्यान्ह घड्याळात तीनच्या सुमारास येते, आणि डिसेंबरात सूर्य उगवतो तोच मुळी दहा वाजून गेल्यावर. भारतातही एकच वेळ आहे, पण आपल्या दोन टोकांत सूर्याचे अंतर दोन तासांच्या आतले.

व्यवहाराने यातून वाट काढली आहे. शिंच्यांगमधली सरकारी कार्यालये दहाच्या सुमारास उघडतात. पुष्कळ उइगुर माणसे दोन तास मागे असलेली स्थानिक वेळ पाळतात, तर हान वस्ती, रेल्वे आणि विमाने बीजिंग वेळेवर चालतात. म्हणून भेट ठरवताना 'कोणत्या वेळेने?' हे विचारावेच लागते. पुस्तकात गाड्यांच्या वेळा बीजिंगच्या आहेत. पुढच्या प्रकरणात यजमान 'आठला जेवायला या' म्हणतो ते मात्र स्थानिक आठ समजावेत, म्हणजे स्थानकावरच्या घड्याळात दहा. लेखक तिथे दोन तास आधी पोचला, तो याचमुळे. —संपा.